ध्यानासाठी ओढ्याची क्लिप केलीय, खालचं वर्णन कसं लिहू?

करंजाखाली

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा सकाळी सहाचा ध्यानाचा गट आहे. वीस-बावीस जण, बहुतेक निवृत्त. आजवर आम्ही जालावरची कुठली तरी क्लिप लावून बसायचो. पाणी परदेशातलं, पक्षी परदेशातले आणि डोळे मिटून जरा स्थिरावलं की जाहिरात.

म्हणून दिवाळीनंतर माहेरी गेले तेव्हा आमच्या शेताखालच्या ओढ्यावर फोन तिपाईला लावला आणि सकाळी आठच्या सुमाराला चित्रण केलं. राधानगरीच्या बाजूचं गाव आहे. १२ मिनिटं ४० सेकंद झालं. पाणी, करंजाची फांदी, बाकी काही नाही. गटात आवडलं, आता सगळ्यांसाठी चढवायचं म्हणतेय.

अडलंय ते वर्णनात. मी लिहिलेलं असं: "निसर्गाच्या कुशीत हरवून जा! मनाला परमशांती देणारा झऱ्याचा मंजुळ नाद, मंद वाऱ्यावर डोलणारी हिरवीगार पानं. डोळे मिटा आणि स्वतःला शोधा." पुढे पानांची सहा चित्रं आणि जोडलेले हात.

पुतण्या म्हणाला, "काकू, हे कुठल्याही क्लिपखाली चालेल." राग आला, पण खरं आहे. शिवाय गटात दोघांना दिसत नाही. त्यांच्यासाठी क्लिप लावण्याआधी मिनिटभर तोंडी सांगते, तिथेही माझं असंच काहीतरी होतं. लिंक देतेय. बघून, ऐकून सांगा.

शिरोलीचे_बापू

ताई, ध्यानाला जागा पाहिजे असंल तर कात्यायनीला जावा. सकाळी सातच्या आत. रंकाळ्यावर जाऊ नका, तिथं चालणाऱ्यांच्या गप्पांतनं ध्यान लागायचं न्हाई. मी संध्यामठाच्या बाजूला बसून बघितलंय, मागनं दोघं जण सोयाबीनचा दर बोलत गेलं आणि माझं ध्यान सोयाबीनवर.

करंजाखाली

बापू, जागा नकोय. क्लिपचं वर्णन हवंय. पण सोयाबीनचं पटलं!

ध्वनीवेडा

ताई, क्लिप पूर्ण ऐकली. दोनदा. मी लघुपट आणि माहितीपटांसाठी आवाज टिपायचं काम करतो, त्यामुळे आधी कान जातात, डोळे मागून.

पुतण्या जे म्हणाला त्याचं कारण असं, की तुमच्या वर्णनात एकही गोष्ट तुमच्या ओढ्याची नाही. करंज नाही, दगड नाहीत, पाणी कुठून कुठे जातं ते नाही. "परमशांती" हे तर बघणाऱ्याच्या मनात व्हायचं. ते आपण आधीच जाहीर केलं की लोक ती झाली का नाही ते तपासत बसतात. ध्यानाच्या क्लिपला माणूस वर्णन वाचतो ते दोन-तीन गोष्टी कळाव्यात म्हणून. काय ऐकू येणार, मध्येच काही दचकवणारं आहे का, किती वेळ चालणार. तेवढं कळलं की तो निर्धास्त डोळे मिटतो.

मी असं करतो. पहिल्यांदा स्क्रीन पालथी घालून नुसतं ऐकायचं आणि कागदावर वेळेसकट लिहायचं. मग आवाज बंद करून नुसतं बघायचं, वेगळ्या कागदावर. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वर्णन जवळजवळ तयार असतं. तुमच्या क्लिपचा माझा ऐकण्याचा कागद हा:

सुरुवातीपासून पाणी, एकसारखं, डाव्या कानात थोडं जास्त. ०:५० ला वाऱ्याची झुळूक, पानं वाजतात, दहाएक सेकंदांत थांबतात. २:१५ ला कुटुर्गा, लांबून, वीस सेकंद. ४:३० ला पुन्हा वारा, या वेळी माइकवर सरळ आल्यामुळे भडभड. ७:१० ला, ताई, ट्रॅक्टर. उसाचा. गाण्यासकट. ८:०५ पर्यंत.

रील_वाला_संत्या

गाण्यासकट 😂 हंगाम सुरू झाला की कोल्हापुरात ध्यान करायचं नाही, नाद खुळा ट्रॅक्टर असत्यात.

काकू, माझं ऐका. वर्णन नंतर, आधी क्लिप स्लो मोशन करा. १२० फ्रेमनं शूट करायचं आणि चौपट सावकाश चालवायचं. पाणी एकदम मखमली दिसतंय. आणि वर्णनात "४३२ हर्ट्झ" टाका, लोक तेच शोधत्यात. माझ्या एका रीलला त्यानंच व्ह्यू आलेत.

ध्वनीवेडा

संत्या, अर्धं बरोबर आहे, अर्ध्यात घोळ आहे.

बरोबर हे, की ताईंच्या क्लिपमध्ये पाणी जरा टोचतं. प्रत्येक थेंब सुटा सुटा, काचेच्या तुकड्यांसारखा दिसतो. पण त्याचं कारण वेग नाही, शटर आहे, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत येतो ते. सकाळचं ऊन पाण्यावर पडलेलं, त्यामुळे फोननं आपोआप शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास नेलं असणार. प्रत्येक फ्रेम गोठलेली, म्हणून हालचाल तुटक दिसते. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये पाणी किंचित पुसट होतं आणि डोळ्याला वाहतं वाटतं. भर उजेडात तेवढं शटर ठेवलं तर चित्र पांढरं फटक होईल, म्हणून लेन्सवर काळी काच लावायची. फोनला चिमट्यानं लागणारे एनडी फिल्टर मिळतात. नाहीतर ऊन पाण्यावर यायच्या आत जायचं. फुकटात काम होतं.

स्लो मोशनमध्ये पाण्याचं तेल होतं. चौपट सावकाश पडणारा थेंब दाट दिसतो आणि पानं पाण्याखाली असल्यासारखी हलतात. त्याखाली आवाज मात्र खऱ्या वेगाचा लावावा लागतो, कारण आवाज चौपट ताणला तर झुळझुळीची घरघर होते. मग डोळे सांगतात एक, कान सांगतात दुसरं. बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आणि ४३२ हर्ट्झ म्हणजे एक सूर. ओढ्याच्या आवाजात एक सूर नसतो, शेकड्यापासून हजारोंपर्यंतचे सगळे एकदम असतात. ओढ्याखाली ४३२ लिहिणं म्हणजे मिसळीवर "फक्त मीठ" लिहिण्यासारखं आहे.

रील_वाला_संत्या

व्ह्यू आलेत की पण.

तिसरी_गल्ली

विषय सोडून बोलते. पाण्याचा आवाज सुरू झाला की मला पाच मिनिटांत उठावं लागतं. कशासाठी ते सांगायला नको. आमच्या योगवर्गात मी एकटीच नाही, विचारून बघितलंय. त्यामुळे वर्णनात "सतत पाण्याचा आवाज आहे" हे पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे आम्ही आधीच जाऊन येऊ.

दुसरं, मी तुमची क्लिप स्वयंपाकघरात फोनवर लावली. ह्यांनी बाहेरून विचारलं, भजी तळतेस का?

ध्वनीवेडा

तिसरी_गल्ली, भज्यांचं निरीक्षण शंभर नंबरी. आणि त्यातच ताईंच्या वर्णनाची गुरुकिल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर.

पाणी नुसतं वाहिलं तर जवळजवळ आवाजच करत नाही. पंचगंगेच्या घाटावर एखाद्या संथ सकाळी उभं राहा, एवढं पाणी जातं आणि ऐकू काही येत नाही. आवाज येतो तो पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा. प्रत्येक बुडबुडा इवल्या घंटीसारखा वाजतो. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञानं १९३३ साली त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सव्वातीन हजार हर्ट्झच्या आसपास वाजतो, एक सेंटिमीटरचा सव्वातीनशेच्या. बुडबुडा लहान तितका आवाज बारीक.

आता आपले शब्द बघा. उथळ पाणी, खडी बारीक, बुडबुडे लहान, तर झुळझुळ. दगड मोठे, पाणी त्यावरून उडी मारतं, लहानमोठे बुडबुडे एकत्र, तर खळखळ. खोल डोहात धार पडते आणि मोठी हवा आत जाते, तर डुबुक, गडगूड. हे शब्द आज्यांनी कानानं केलेत आणि गणिताशी जुळतात. म्हणून ओढ्याला "मंजुळ नाद" लिहू नका. झुळझुळ का खळखळ ते ऐकून ठरवा. तेवढ्या एका शब्दात ओढा केवढा, उतार किती, हे कळतं.

भजी का, तर फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर बाहेर पडतच नाहीत. मोठ्या बुडबुड्यांचा आवाज गेला, बारकी चरचर उरली. म्हणजे तळण. त्यामुळे वर्णनात "हेडफोन किंवा मोठा स्पीकर लावा" ही ओळ इथे कामाची आहे.

करंजाखाली

आता पुन्हा ऐकलं, डोळे मिटून. माझ्या मते खळखळ. पण डावीकडून आणखी एक काहीतरी येतंय, घागर भरल्यासारखं. तिथे एक दगड आहे, त्याच्यावरून हातभर खाली धार पडते. चित्रात ती दिसत नाही, कडेच्या बाहेर राहिली.

ध्वनीवेडा

म्हणूनच डावा कान जड आहे. आणि हेच वर्णनात हवं! दिसत नाही पण ऐकू येतं, अशी गोष्ट सांगितली नाही तर माणूस ती शोधत राहतो.

शब्दाबद्दल माझं मत वेगळं. मला मुख्य पाणी झुळझुळ वाटतं, फक्त ती धार खळखळते.

कानसेन

मी जरा उशिरा आलो. मला दिसत नाही. एकोणिसाव्या वर्षापर्यंत दिसत होतं, त्यामुळे करंजाची पोपटी पालवी म्हटलं की मला ती दिसते. जन्मापासून न दिसणाऱ्याला कदाचित तिचा फार उपयोग नाही, पण म्हणून रंग गाळू नका, एखादा असू द्या.

ताईंचं पहिलं वर्णन माझ्या फोननं वाचून दाखवलं. शेवटी तो म्हणाला, "पान, पान, पान, पान, पान, पान, जोडलेले हात." चित्रं वाचणारं यंत्र प्रत्येक चित्राचं नाव उच्चारतं. ध्यानाला बसायच्या आधी सहा वेळा पान. कृपा करून ती काढा.

"हिरवीगार पानं डोलताहेत" यातून मला काही मिळत नाही, कारण मी कुठे बसलोय तेच कळत नाही. मी काठावर आहे का पुलावर? पाणी माझ्याकडे येतंय का आडवं जातंय? फांदी डोक्यावर आहे का समोर? पहिल्या वाक्यात मला बसवा, मग बाकीचं सांगा. आणि उजवं-डावं सांगाल ते कानाशी जुळलं पाहिजे. एका क्लिपमध्ये वर्णन म्हणत होतं उजवीकडे धबधबा, आणि तो वाजत होता डावीकडे. मी अर्धा वेळ हेडफोन उलटे घातले का बघत होतो.

तोंडी सांगता ते मात्र उत्तम करता. फक्त सगळं आधी सांगा आणि थांबा. क्लिप चालू असताना मध्येच "आता बघा वारा आला" असं कोणी बोललं की मला ओढ्यावरून उचलून हॉलमध्ये आणल्यासारखं होतं.

करंजाखाली

कानसेन, हे वाचून पुन्हा क्लिप लावून बसले. मी काठावर बसलेय. पाणी आडवं जातं, उजवीकडून डावीकडे. रुंदी दोन-अडीच हात असेल. फांदी वर उजव्या कोपऱ्यातून आत येते आणि तिचं टोक पाण्यापासून वीतभर वर आहे. हे मी शंभरदा बघितलं होतं आणि एकदाही मनात म्हटलं नव्हतं.

"संथ गती" कशी सांगू? माझ्या नव्या कच्च्या वर्णनात तीन ठिकाणी "शांत, निवांत, संथ" आलंय, पुतण्यानं खाली रेघा मारल्यात.

ध्वनीवेडा

गती विशेषणानं सांगू नका, मोजून सांगा. तुमच्या क्लिपमध्ये ३:२० ला एक पिवळं पान उजव्या कडेनं पाण्यावर येतं. दगडापाशी अडतं, गोल फिरतं, सुटतं आणि ३:५८ ला डाव्या कडेनं बाहेर जातं. अडतीस सेकंद. हे एक वाक्य लिहा, "निवांत" लिहायची गरज उरत नाही. फांदीही मोजली. वारा नसताना एक हेलकावा जाऊन यायला चार सेकंद घेते. कॅमेरा हलत नाही, चित्र कुठेही बदलत नाही. हे दोन नकार लिहाच, कारण ध्यानवाल्याला दर दहा सेकंदांनी नवं दृश्य नको असतं आणि बऱ्याच क्लिपमध्ये ते असतं.

पानवेडी

शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. "डोलणारी पानं" सगळीकडे चालत नाही. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक, त्यामुळे बारक्या वाऱ्यालाही पान एकटंच थरथरतं आणि टाळ्या वाजवतं. ती सळसळ. करंजाचं तसं नाही, एका देठावर पाच-सात पानं, ती सगळी मिळून फांदीबरोबर खालीवर होतात. तो हेलकावा. बांबू आख्खा झुकतो आणि एकमेकांवर करकरतो. कोणतं झाड ते लिहिलंत की आपल्याकडच्या माणसाला हालचाल आपोआप कळते.

बाकी २:१५ चा पक्षी कुटुर्गाच. कुट्रुक कुट्रुक.

रील_वाला_संत्या

पण पानवेडी मॅडम, मुंबईतल्या पोराला करंज काय माहीत?

पानवेडी

नसू दे. "फांदी सगळी मिळून खालीवर होते" एवढं तर कळेल? आणि नाव वाचून एखादा झाड शोधायला गेला तर बिघडलं काय?

करंजाखाली

आता ट्रॅक्टरचं काय करू? आणि आम्ही अर्धा तास बसतो, क्लिप पावणेतेरा मिनिटांची. पुतण्या म्हणतो दोन-तीन वेळा जोडून देतो.

ध्वनीवेडा

जोडायला हरकत नाही, पण जोड कळतो. पाण्याच्या आवाजात सहसा कळत नाही. पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात दहा सेकंद एकमेकांवर विरघळवली की कान फसतो. चित्रात पाणीही फसवतं. पण फांदी फसवत नाही. विरघळताना दोन फांद्या दिसतात, एक भुतासारखी. म्हणून जोड अशा ठिकाणी घ्या की दोन्हीकडे वारा पडलेला आहे आणि फांदी एकाच जागी आहे. तुमच्याकडे ०:१० आणि ६:५० या दोन जागा अगदी जुळतात. म्हणजे ०:०० ते ६:५० एवढाच तुकडा घ्यायचा, ट्रॅक्टर आपोआप गेला. चार वेळा जोडला आणि तीन जोडांचे दहा-दहा सेकंद वजा केले तर २६ मिनिटं ५० सेकंद होतात. ४:३० ची माइकवरची भडभड मात्र राहते. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं की बरीचशी जाईल, पूर्ण नाही. पुढच्या वेळी माइकवर फरचं टोपडं घाला. आणि फोनमध्ये आवाज स्वच्छ करायची सोय असेल तर ती बंद ठेवा. ती माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असते. एकसारखं पाणी तिला कचरा वाटतं आणि ती ते खाऊन टाकते.

कानसेन

ध्वनीवेडा, जोड कानाला कळला नाही तरी कुटुर्गा कळतो. तोच पक्षी, तितकाच वेळ, दर सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी. दुसऱ्या वेळी मी ओळखतो, तिसऱ्या वेळी वाट बघतो. मग ध्यान कसलं, पहाराच. एक तर पक्ष्याचा तेवढा भाग तीन वेळा काढा, नाहीतर वर्णनात स्पष्ट लिहा की हाच तुकडा चार वेळा येतो. "अर्ध्या तासाचं सलग चित्रण" म्हणून जोडलेलं देणं मला फसवल्यासारखं वाटतं.

ध्वनीवेडा

मान्य. पण पक्षी काढायला मी तयार नाही. तिथे दुसऱ्या ठिकाणचं पाणी भरावं लागतं, ते मग त्या सकाळचं राहत नाही. लिहून मोकळं व्हावं, हे माझं मत.

तिसरी_गल्ली

मला ट्रॅक्टरच ठेवा वाटतो. आपलं ध्यान आपल्या गावात. त्याच्यासकट बसता आलं तर खरं.

करंजाखाली

तिसरी_गल्ली, गटातले एक काका अगदी हेच म्हणाले! पण नवख्याला नाही जमायचं. काढते.

रात्री बसून लिहिलंय. बघा:

"राधानगरी तालुक्यातला एक लहान ओढा, दिवाळीनंतरची सकाळ, आठचा सुमार. सतत पाण्याचा आवाज आहे. संगीत नाही, बोलणं नाही.

तुम्ही काठावर बसला आहात. अडीच हात रुंदीचं उथळ पाणी तुमच्या समोरून उजवीकडून डावीकडे झुळझुळत जातं. डावीकडे, चित्राच्या बाहेर, एक बारीक धार हातभर खाली पडते. ती दिसत नाही, घागर भरल्यासारखी ऐकू येते. वर उजवीकडून करंजाची एक फांदी आत आली आहे. नवी पानं पोपटी, जुनी गडद. वारा नसताना ती चार सेकंदांत एकदा खालीवर होते. दोनदा झुळूक येते, पानं वाजतात आणि थांबतात; दुसऱ्या झुळकीत किंचित भडभड आहे. मध्ये एक पिवळं पान वाहत येतं, दगडाला अडतं, सुटतं. ते पलीकडे जायला अडतीस सेकंद लागतात. लांबवर कुटुर्गा एकदा बोलतो.

कॅमेरा हलत नाही. पावणेसात मिनिटांचा हा तुकडा चार वेळा येतो, त्यामुळे पक्षी, पान आणि वाराही चार वेळा. एकूण २६ मिनिटं ५० सेकंद. फोनच्या स्पीकरवर चरचर वाटेल, हेडफोन किंवा मोठा स्पीकर बरा."

तोंडी सांगायला यातला मधला भागच घेतला, पिवळं पान आणि भडभड सोडून. वाचायला चाळीस सेकंद लागले.

कानसेन

बसलो मी काठावर. आभार. चढवताना गटात व्हॉट्सअॅपवर क्लिप पाठवू नका, लिंक पाठवा. आमच्या पुतणीला तिथे आलेली क्लिप दिसली ती म्हणे पाण्याचे चौकोन चौकोन.

ध्वनीवेडा

हो, पाणी आणि पानं हे दोन्ही चित्र दाबणाऱ्याचे शत्रू. दर फ्रेमला सगळंच बदलतं, वाचवायला काही उरत नाही, मग ते चौकोन करतं.

वर्णन छान. "झुळझुळत" लिहिलंत, जिंकलो!

करंजाखाली

मुख्य पाण्यापुरतं जिंकलात. धार खळखळतेच.

एक राहिलं. गावाचं नाव द्यावं का? तालुका दिलाय. वहिनी म्हणते देऊ नको, एकदा नाव गेलं की रविवारी गाड्या उभ्या राहतात आणि ओढ्यात बाटल्या.

रील_वाला_संत्या

द्या की काकू, लोक विचारणारच कमेंटमध्ये.

पानवेडी

देऊ नका. ऐकणाऱ्याला झाड, पाणी, वेळ, ऋतू कळला. नावानं त्यात काय भर पडते?

ध्वनीवेडा

मी टिपलेल्या प्रत्येक आवाजाबरोबर जागेचं नाव ठेवतो. वीस वर्षांनी तो ओढा कसा वाजत होता हे कळायला तेच लागतं. पण मी ते माझ्या वहीत ठेवतो, क्लिपखाली नाही. ताईंनी काय करावं, सांगता येत नाही मला.

शिरोलीचे_बापू

ताई, क्लिप बघितली आता. लई भारी. ह्यो ओढा नेमका कुठं आला म्हणायचा?